‘लक्ष कमी’ : प्रगतिपत्रकावरच्या एका शेऱ्याचं वाचन

‘गणितात लक्ष कमी. निष्काळजीपणे चुका करतो. सराव आवश्यक.’

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ताईने हा शेरा लिहिला तेव्हा मी तिच्या शेजारी बसून कलिंगड खात होतो. ताई बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ३१ मुलं. १ मेला झेंडावंदन झालं की निकाल वाटायचा, त्यामुळे त्याआधीचे चार-पाच दिवस आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण नसतं, प्रगतिपत्रकं असतात. मी दोन दिवसांसाठी आलो होतो आणि ‘तुझं अक्षर बरं आहे, नावं तरी लिहून दे’ म्हणून मला त्या कामाला बसवलं होतं.

नावं लिहिता लिहिता मी शेरे वाचायला लागलो. सहाव्या-सातव्या कार्डानंतर मला ते एखाद्या पुस्तकासारखे वाचता यायला लागले. म्हणजे कोणता शब्द कुठे येणार याचा अंदाज यायला लागला, आणि मग कोणता शब्द कधीच येत नाही हेही दिसायला लागलं. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. शेरा ही काही समीक्षेने दखल घ्यावी अशी गोष्ट आहे का, असं कुणी विचारेल. मला तरी असं दुसरं गद्य माहीत नाही, जे तीन ओळींचं असतं, सहीशिक्क्यासह घरी येतं आणि माणूस तिशीत आला तरी त्याला तोंडपाठ असतं. माझा स्वतःचा शेरा ‘हुशार आहे पण चंचल’ असा होता. त्यातलं ‘हुशार’ मी केव्हाच विसरलोय.

आधी हे शेरे येतात कुठून ते सांगतो, म्हणजे ताईवर अन्याय होणार नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसत्या गुणांऐवजी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या आणि त्यांच्यासोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रगतिपत्रकावर तीन रकाने असतात : विशेष प्रगती, आवड/छंद आणि सुधारणा आवश्यक. कल्पना चांगलीच होती. मुलाला आकड्यात बसवण्याऐवजी शिक्षकाने त्याच्याबद्दल दोन वाक्यं लिहावीत. पण नोंदी फक्त कार्डावर नसतात, नोंदवहीतही असतात, विषयवार. ताईच्या वर्गाचा हिशोब साधा आहे. ३१ मुलं, सात विषय, म्हणजे एका सत्राला २१७ नोंदी आणि वर्षाला ४३४. याशिवाय शिकवायचंही असतं.

इतकं लिहायचं म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. तयार नोंदींच्या पीडीएफ निघाल्या. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दर सत्राला फिरतात. ‘कवितेचे तालासुरात गायन करतो’, ‘परिपाठात सहभाग घेतो’, ‘दिलेल्या सूचनांचे पालन करतो’. सुधारणेच्या रकान्यासाठी वेगळी यादी, तिला ‘अडथळ्यांच्या नोंदी’ म्हणतात. त्यात वाचन अस्पष्ट, अक्षर सुमार, अवांतर बोलतो, अभ्यासात लक्ष कमी. यादीतली सगळी क्रियापदं पुल्लिंगी असतात, त्यामुळे ताईच्या गठ्ठ्यात एका मुलीच्या कार्डावरही ‘गायन करतो’ होतं. मी ते दाखवलं तर ताई म्हणाली, “अरे, रात्रीचे साडेअकरा वाजलेत, तूच कर दुरुस्त.” कॉपी-पेस्ट केलेला कोड मी रोज पाहतो. तो कॉपी-पेस्ट आहे हे असंच कळतं, कुठेतरी एक नाव बदलायचं राहिलेलं असतं.

आता वरचा शेरा पुन्हा वाचू या. तीन वाक्यं आहेत. पहिलं मुलाच्या मनाबद्दल आहे : लक्ष कमी. दुसरं त्याच्या स्वभावाबद्दल : निष्काळजी. तिसऱ्यात कर्ताच नाही. ‘सराव आवश्यक.’ कुणाला आवश्यक? कशाचा सराव? किती? मराठीला ही मोठी सोय आहे. ‘लक्ष द्यावे’, ‘सराव करावा’, ‘प्रगती व्हावी’ असं लिहिलं की वाक्य पूर्ण होतं आणि काम कुणावरच पडत नाही. ताईला मी हे म्हटलं तर ती म्हणाली, “पालकांना कळतं बरोबर.” काय कळतं हे मी विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पोरगं मार खातं.”

या शेऱ्यात गणित कुठेच नाही, हे मला त्यानंतर लक्षात आलं. ‘गणितात’ हा शब्द काढून ‘इंग्रजीत’ घातला तरी बाकीचा शेरा जसाच्या तसा चालतो. नाव झाकलं तर वर्गातल्या निम्म्या मुलांच्या कार्डावर चालतो. मी तिला म्हटलं, याची उत्तरपत्रिका दाखव.

पेपरात दहा वजाबाक्या होत्या. त्याच्या चार बरोबर होत्या, सहा चूक. बरोबर आलेल्या : ७४ – ३२, ८८ – ५१, ५६९ – २३४ आणि आणखी एक तशीच. चुकलेल्या सहांपैकी या चार पाहा :

६२ – ३५ = ३३
८१ – ४६ = ४५
९० – ५७ = ४७
५०३ – २७८ = ३७५

तुम्ही फोनवर वाचत असाल तर इथे जरा थांबा आणि तो काय करतोय ते शोधा. ६२ – ३५ चं उत्तर २७ हवं, त्याने ३३ काढलंय. ३३ आलं कुठून?

दशकात सहातून तीन गेले, तीन उरले. इथपर्यंत ठीक. एककात वर दोन आणि खाली पाच. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून त्याने पाचातून दोन वजा केले. तीन. म्हणून ३३. ५०३ – २७८ मध्ये पाचातून दोन, सातातून शून्य, आठातून तीन, म्हणजे ३, ७, ५. प्रत्येक घरात तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, मग तो वर असो की खाली. बाकीच्या दोन चुकाही याच नियमाने जुळल्या. सहाच्या सहा. आणि बरोबर आलेल्या चारही उदाहरणांत हातचा घ्यायची गरजच नव्हती.

निष्काळजी मूल असं चुकत नाही. निष्काळजी मूल कधी इथे चुकतं, कधी तिथे. ह्या पोराच्या चुका इतक्या शिस्तीत होत्या की मी त्याचं पुढचं उत्तर आधीच सांगू शकत होतो.

या चुकीचा जुना अभ्यास झालेला आहे आणि तो माझ्या धंद्याच्या जवळचा आहे. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मुलं बऱ्याचदा नियम न पाळल्यामुळे चुकत नाहीत, तर चुकीचा नियम नीट पाळल्यामुळे चुकतात. प्रोग्राममध्ये बग असतो तसा. त्यांनी ‘बगी’ नावाचा एक प्रोग्राम बनवला होता. त्यात कॉम्प्युटर एखादा बग असलेला विद्यार्थी व्हायचा, आणि शिक्षक होऊ घातलेल्यांनी त्याला उदाहरणं घालून बग ओळखायचा. मोठ्यातून लहान वजा करणं हा त्यांच्या यादीतला अगदी ओळखीचा बग आहे.

आणि तो एकटाच नाही. त्याच वर्गातल्या एका मुलीने ६२ – ३५ चं उत्तर ३७ लिहिलं होतं. तिने दशक सुटा केला होता, बारातून पाच वजा करून सात लिहिले होते, पण सहाचे पाच करायला विसरली होती. दोघांच्याही उदाहरणावर लाल फुली, दोघांनाही शून्य, आणि तयार नोंदींची यादी उघडली तर दोघांनाही एकच नोंद : ‘वजाबाकीत चुका करतो.’ पण एकाला दशक सुटा करायचा असतो हेच माहीत नाही आणि दुसरीला माहीत आहे, फक्त शेवटची एक पायरी राहते. दोघांना मे महिन्यात करायचं काम वेगळं आहे.

ताईचा चेहरा एव्हाना बदलला होता. ती म्हणाली, “उद्या विचारते त्याला.” उद्या रविवार होता. सोमवारी मी पुण्याला परत आलेलो असताना दुपारी तिचा फोन आला. तिने त्याला ४०० – १२६ घातलं होतं. मी आधीच सांगून ठेवलं होतं की आपला अंदाज खरा असेल तर तो ३२६ म्हणेल. त्याने ३२६ म्हटलं. (बरोबर उत्तर २७४.) मग तिने विचारलं, असं का केलंस? तर तो म्हणाला, “मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना बाई. लहानातून मोठं जात नाही.”

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पहिली-दुसरीत ते बरोबरही असतं, कारण तिथे ९ – ४ करायचं असतं. नंतर दोन अंकी संख्या येतात आणि तेच वाक्य एका घरापुरतं लावलं की घात करतं. ताई फोनवर म्हणाली, “दुसरीला हा माझ्याकडेच होता. मीच शिकवलं असणार.” म्हणजे ज्या पोराने तिचं वाक्य दोन वर्षं जपून ठेवलं होतं, त्याच्या कार्डावर ती ‘लक्ष कमी’ लिहायला निघाली होती.

मी हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण शेरे ‘प्रेमळ’ करायचे म्हटलं की बहुतेकांचा हात साखरेच्या डब्याकडे जातो. आमचा पहिला प्रयत्नही तसाच होता. शनिवारी रात्रीच, उत्तरपत्रिका पाहण्याआधी, ताईने माझ्या टोमण्यावर दुसरा मसुदा केला होता :

‘गोड व गुणी मुलगा. थोडे लक्ष दिल्यास गणितातही नक्की चमकेल.’

वाचायला बरं वाटतं. पण आतला आरोप तोच आहे, ‘थोडे लक्ष दिल्यास’ मध्ये तो गुंडाळून ठेवलाय. आणि ‘गोड’, ‘गुणी’ हे पुन्हा मुलाबद्दल आहे, त्याने केलेल्या कशाबद्दलच नाही. १९९६ मध्ये अब्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी अभिप्रायावरचे तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून पाहिले, ६०७ निष्कर्ष. सरासरीने अभिप्रायामुळे कामगिरी सुधारते असं निघालं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ती अभिप्रायानंतर उलट घसरली होती. त्यांनी लावलेला अर्थ असा की अभिप्राय ऐकणाऱ्याचं लक्ष कामावरून स्वतःकडे वळवू लागला की त्याचा उपयोग कमी होत जातो. यात कौतुकही आलं. ‘गुणी’ ऐकलेलं मूल आपण गुणी आहोत की नाही याचा विचार करतं, ६२ – ३५ चा नाही.

मराठीत हे ओळखायची एक सोपी खूण मला त्या रात्री सापडली. वाक्य ‘आहे’ वर संपतंय की ‘करतो’ वर? हुशार आहे, आळशी आहे, गुणी आहे, चंचल आहे. ही सगळी ‘आहे’ची वाक्यं. ‘बिनहातच्याची वजाबाकी न चुकता करतो’ हे ‘करतो’चं वाक्य. पहिल्यात मूल बदलावं लागतं, दुसऱ्यात फक्त कृती. ही खूण पक्की नाही, ‘निष्काळजीपणे चुका करतो’ हेही ‘करतो’वरच संपतं आणि तरी ते स्वभावाबद्दलच आहे. म्हणून ‘करतो’च्या आधी क्रियाविशेषण बसलेलं दिसलं की जरा संशय घ्यावा. आणि ‘पण’ तर शक्यतो लिहूच नये. ‘हुशार आहे पण’ असं ऐकलं की घरातलं कुणीही पुढचाच भाग ऐकतं.

तिसरा मसुदा मी केला आणि तो सर्वांत वाईट होता. मी बग रिपोर्ट लिहितो तसा लिहिला. कोणत्या उदाहरणात काय अपेक्षित होतं, काय आलं, कारण काय असावं, उपाय काय. जवळजवळ साठ शब्द झाले. त्यात ‘स्थानिक किंमत’ होती, ‘संकल्पना’ होती, ‘दृढीकरण’सुद्धा होतं. ताईने वाचलं आणि विचारलं, “हे कोण वाचणार आहे माहितीय का तुला?”

मला वाटलं, आई-वडील. ती म्हणाली, त्याची आई चौथी शिकलेली आहे, वडिलांना सही येते. कार्ड घरी गेलं की ते पोरगंच आईला वाचून दाखवतं. वर्गातल्या बऱ्याच घरांत असंच होतं. म्हणजे शेरा वाचणारा आणि ज्याच्याबद्दल शेरा आहे तो एकच असतो, आणि त्याला तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा असतो. ‘निष्काळजीपणे’ हा शब्द त्याला स्वतःच्या तोंडाने, स्वतःबद्दल, जोडाक्षर फोडत वाचावा लागला असता.

शेरा लहान का हवा याचं याहून चांगलं कारण मला सापडलं नाही. रकान्याची जागा हे दुसरं कारण आहे. तो दोन बोटं उंच असतो, ताईच्या अक्षरात तीन ओळी, साधारण वीस शब्द. पण लहान करायचं म्हणजे वाक्यं दाबून ‘प्रगती समाधानकारक, सराव आवश्यक’ असं तारेसारखं करायचं नाही. दहा गोष्टींतल्या नऊ सोडून द्यायच्या आणि एक पूर्ण वाक्यात सांगायची. त्याचं अक्षर वाकडं आहे, तो डबा खाताना भांडतो, इंग्रजीचं स्पेलिंग चुकतं, हे सगळं खरं आहे. या सुट्टीत त्यातलं काहीच नाही झालं तरी चालेल. दशक सुटा करणं राहिलं तर पाचवीत भागाकार अडतो, कारण भागाकारात प्रत्येक पायरीला वजाबाकी आहे. म्हणून तेच लिहायचं.

चौथा मसुदा :

‘बिनहातच्याची वजाबाकी न चुकता करतो. ६२ – ३५ सारख्या उदाहरणात दशक सुटा करायला शिकतो आहे. सुट्टीत काड्यांचे गठ्ठे सोडून रोज दोन उदाहरणे करेल.’

यातल्या एकेका शब्दावर आमचा फोनवर वाद झाला. मला मुलाला थेट ‘तू’ म्हणायचं होतं, कारण वाचणार तोच आहे. ताई म्हणाली, केंद्रप्रमुखांनी कार्डं पाहायला मागितली तर काय सांगू. ‘तू’ गेलं. ‘शिकतो आहे’ हे खोटं आहे असं मी म्हटलं, कारण शनिवारपर्यंत त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा ती म्हणाली, “आज शिकवलं मी. दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. पाच मागितल्या. बघत बसला. मग म्हणाला, गठ्ठा सोडू का?” तर ‘शिकतो आहे’ राहिलं. ‘करावीत’च्या जागी ‘करेल’ हा माझा आग्रह होता, ताईने तो एका अटीवर मानला. ती आधी त्याला विचारणार, करशील का म्हणून. तो हो म्हणाला, तेव्हाच तिने पेन उचललं.

उदाहरण तसंच्या तसं लिहिणं मात्र दोघांनाही लगेच पटलं. ६२ – ३५ हे कार्डावर असलं की आई काड्या घेऊन बसू शकते, शेजारची बारावीतली ताई दाखवू शकते. जूनमध्ये पाचवीचे गुरुजी कार्ड उघडतील तेव्हा त्यांनाही ‘सराव आवश्यक’मधून जे कधीच कळलं नसतं ते कळेल.

आता दुसरं कार्ड, थोडक्यात. एका मुलीचं. मूळ शेरा : ‘सतत गैरहजर. अभ्यासात मागे.’ तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर कोयता निघाला की ती त्यांच्यासोबत जाते, गाळप हंगाम संपला की परत येते. गावात हंगामी वसतिगृह असेल आणि आजी सांभाळणारी असेल तर काही मुलं मागे राहतात, हिची नाही राहिली. शेऱ्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण हजेरीचे दिवस कार्डावर आधीच छापलेल्या रकान्यात महिनावार लिहिलेले आहेत. मागे आहे हे श्रेणीत दिसतंय. म्हणजे शेऱ्याने नवीन काहीच सांगितलं नाही, फक्त दोष तिचा आहे असं सुचवलं. नऊ वर्षांच्या मुलीने कारखान्यावर जायचं की नाही हे ठरवलेलं नसतं. आम्ही लिहिलं : ‘मार्चअखेर परतल्यावर तीन आठवड्यांत जोडाक्षरांचा उतारा वाचू लागली. पाढे ६ पर्यंत पाठ आहेत. ७ पासून पुढचे राहिले आहेत.’

इथे ताईने एक गोष्ट कार्डावर लिहू दिली नाही. तिला संशय होता की त्या मुलीला फळ्यावरचं नीट दिसत नाही, ती डोळे बारीक करून पाहते. मी म्हटलं, हे तर सर्वांत महत्त्वाचं, हेच लिही. ताई म्हणाली, “हे लिहायचं नसतं, सांगायचं असतं. कार्डावर लिहिलं तर चार घरांत वाचलं जाईल आणि पोरीला चष्मिष्ट म्हणतील, तपासायला कुणीच नेणार नाही.” निकालाच्या दिवशी ती आईला बाजूला घेऊन बोलणार होती. इथे माझं काही चाललं नाही आणि चालायला नकोच होतं.

एक आक्षेप राहतो आणि तो खरा आहे. कार्डावर शेऱ्याशेजारी श्रेणी असते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. नुसता अभिप्राय मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखंच राहिलं. गुण दिसले की अभिप्राय कोण वाचतो. आपल्या प्रगतिपत्रकाची रचनाच ‘दोन्ही’ अशी आहे आणि ती ताईच्या हातात नाही. तिने एक छोटीशी पळवाट काढली. कार्ड हातात देण्याआधी प्रत्येकाला टेबलाजवळ बोलावून तिने त्याचा शेरा त्यालाच वाचायला लावला, श्रेण्यांच्या बाजूवर वही ठेवून. ३१ मुलं, तासभर लागला. याने किती फरक पडला हे सांगायचं कुठलंही मोजमाप आमच्याकडे नाही.

वेळेचा आक्षेप याहून मोठा आहे. मी दोन कार्डांची गोष्ट सांगितली, उरलेल्या २९ चं काय? खरं सांगायचं तर निम्म्यांवर यादीतल्याच नोंदी गेल्या, जरा हात फिरवून. एप्रिलमध्ये बसून ३१ मुलांचं वर्ष आठवणं कुणालाही जमणार नाही. आठवण पुसट झाली की हाताशी विशेषणच उरतं, म्हणून ‘लक्ष कमी’ येतं. माझ्या ऑफिसातल्या वार्षिक अप्रेझलमध्ये तेच होतं, आणि तिथे लिहिणाऱ्याला फक्त आठ माणसं आठवायची असतात. या जूनपासून ताई वेगळं करणार आहे. हजेरीपटाच्या मागे एक वही, रोज दोन मुलं, प्रत्येकाबद्दल त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेली एक ओळ. पंधरा-सोळा दिवसांत वर्ग एकदा फिरून होतो. शाळेचे साधारण दोनशे दिवस धरले तर एका मुलाच्या वाट्याला वर्षाला बारा-तेरा ओळी येतात. शेऱ्याला त्यातली एकच लागते.

हे तिला सुचलं ते एका कार्डामुळे. शनिवारी रात्री शेवटी एक कार्ड उरलं होतं. सगळ्या विषयांत ब-१ आणि ब-२, हजेरी भरपूर, कधी कुणाची तक्रार नाही. ताई पेन हातात धरून बसली आणि तिला त्या मुलाबद्दल एकही वाक्य आठवेना. तिसऱ्या बाकावर बसतो, एवढंच. “चार वर्षं रोज येतोय रे हा,” ती म्हणाली. यादीतली ‘दिलेल्या सूचनांचे पालन करतो’ ही नोंद त्याला अगदी चपखल बसत होती, पण ती तिने लिहिली नाही. रकाना कोरा ठेवला.

मंगळवारी तिने त्याच्या सगळ्या वह्या घरी आणल्या. रात्री मला एक फोटो पाठवला. गणिताच्या वहीचं पान होतं, उजवीकडे समासात पेन्सिलने अगदी बारीक आकडे. प्रत्येक वजाबाकीचं उत्तर त्याने खालच्या संख्येत मिळवून पाहिलं होतं, वरची संख्या येते का ते. जिथे आली नव्हती तिथे मूळ उदाहरण खोडून पुन्हा केलं होतं. पानामागून पानं, जूनपासून. हे त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं आणि त्या समासाकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

फोटोखाली ताईने त्याचा शेरा टाइप केला होता : ‘प्रत्येक वजाबाकीचा ताळा स्वतःहून पाहतो.’ आणि त्याखाली मला प्रश्न, “सुधारणेच्या रकान्यात काय लिहू?”

मी लिहिलं, तो रिकामा राहू दे.